मदत हवी आहे: बाष्पदाब वजा करूनही पाण्यावर गोळा केलेल्या हायड्रोजनचे मोल सात टक्के जास्त का येतात?

प्रयोगवही (धागाकर्ता)

नमस्कार. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घेतो. मॅग्नेशियमची फीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून निघणारा हायड्रोजन पाण्याने भरलेल्या उलट्या अंशांकित नळीत गोळा करायचा आणि त्यावरून कोरड्या वायूचे मोल काढायचे, असा हा नेहमीचा प्रयोग आहे. मॅग्नेशियमच्या एका मोलमागे हायड्रोजनचा एकच मोल मिळतो, त्यामुळे उत्तर पडताळणे सोपे असते.

एका नळीची आकडेवारी देतो. फितीचे वजन ०.०३६० ग्रॅम, म्हणजे ०.००१४८१ मोल मॅग्नेशियम. वायूचे आकारमान ४०.५ मिलिलिटर, तापमान २७ अंश सेल्सिअस, हवेचा दाब १०१२ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७५९ मिलिमीटर. या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब २६.७ मिलिमीटर असतो. तो वजा करून उरलेला ७३२ मिलिमीटर हा हायड्रोजनचा दाब मानला आणि PV = nRT मध्ये घातला, तर ०.००१५८४ मोल येतात. बाष्पदाब वजा केला नसता तर चूक अकरा टक्क्यांची झाली असती. तो वजा केल्यावर ती सातांवर आली, पण तिथेच अडली. जेवढे मॅग्नेशियम घातले त्याच्या हिशेबाने निघू शकेल त्याहून अधिक हायड्रोजन मिळाल्याचे हे गणित सांगते, आणि हे अशक्य आहे. विशेष म्हणजे निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या लांबीच्या फिती घेतल्या तरी सर्वांची उत्तरे पाच ते आठ टक्क्यांनी जास्तच आली, कमी कुणाचेच आले नाही. बाष्पदाबाची दुरुस्ती मी चुकीच्या ठिकाणी करतो आहे का?

किनारपट्टी

आपल्या वर्णनात नळीतील आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीचा उल्लेखच नाही. नळीत पाणी बाहेरच्यापेक्षा उंच उभे असेल, तर आतल्या ओल्या वायूचा दाब हवेच्या दाबापेक्षा तेवढ्या पाण्याच्या स्तंभाने कमी असतो आणि तोही वजा करावा लागतो. माझ्या मते आपली सारी चूक येथेच आहे. आम्ही मुंबईत हाच प्रयोग करतो, नळी उंच भांड्यात खाली-वर करून दोन्ही पातळ्या समान करतो आणि मगच आकारमान वाचतो. हवेचा दाब आम्हीही फोनवरच पाहतो, आणि आमचे उत्तर एक-दोन टक्क्यांच्या आत बसते. तेव्हा पद्धत निर्दोष आहे, वाचन तपासा.

प्रयोगवही (धागाकर्ता)

धन्यवाद. आमचे भांडे उथळ असल्याने पातळ्या समान करता आल्या नाहीत, परंतु फरक मोजलेला आहे: आतले पाणी ६.८ सेंटिमीटर उंच होते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून हा फरक पाऱ्याच्या अवघ्या ५ मिलिमीटरइतका होतो. तोही वजा केला तर चूक सातांवरून साधारण सव्वासहा टक्क्यांवर येते. आपला मुद्दा बरोबर आहे, पण सगळी चूक त्यात मावत नाही.

सोडा_आणि_व्हिनेगर

मलाही असाच प्रश्न पडला आहे, म्हणून येथेच विचारते. माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांतून निघणारा वायू पाण्यावर गोळा केला. बाष्पदाब वजा केला तरी उत्तर अपेक्षेच्या पुष्कळ खाली येते. तुमचे जास्त आणि आमचे कमी, म्हणजे बाष्पदाबाचा तक्ताच चुकीचा असेल का?

जुना_प्रयोगशाळावाला

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, म्हणून वेगळेच घेतो.

ताई, आपल्या प्रकरणात तक्त्याचा दोष नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगला विरघळतो. खोलीच्या तापमानाला पाणी साधारण स्वतःच्या आकारमानाच्या जवळपास पोहोचेल इतका हा वायू सामावून घेऊ शकते. जो वायू नळीत पोहोचलाच नाही, त्याची भरपाई बाष्पदाबाच्या दुरुस्तीने होत नाही. काही जण साध्या पाण्याऐवजी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात, त्यात हा वायू बराच कमी विरघळतो. मात्र मग शुद्ध पाण्याच्या तक्त्यातील आकडा उचलता येत नाही, कारण अशा द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे तीनचतुर्थांशच असतो. २७ अंशांना २६.७ ऐवजी साधारण २० मिलिमीटर धरावेत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे वायू पाण्यावर न घेता मोठ्या सिरिंजमध्ये घेणे.

आता मूळ प्रश्न. सर, १०१२ हेक्टोपास्कल हा आकडा आपण कोठून घेतला?

प्रयोगवही (धागाकर्ता)

फोनवरील हवामानाच्या ॲपमधून, पुणे शहर निवडून. प्रयोग चालू असतानाच तो वाचला होता.

जुना_प्रयोगशाळावाला

मला तीच शंका होती. हवामानाच्या अंदाजात जो दाब छापतात तो सहसा त्या जागेचा प्रत्यक्ष दाब नसतो. ते ठिकाण समुद्रसपाटीला असते तर तेथे किती दाब असता, असे गणित करून काढलेला तो आकडा असतो. निरनिराळ्या उंचीवरच्या गावांचे दाब एकाच नकाशावर मांडून तुलना करता यावी म्हणून तसे करतात, आणि त्यांच्या कामासाठी ते योग्यच आहे. पण आपल्या नळीवर जी हवा दाब देते ती पुण्याची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेथे प्रत्यक्ष दाब साधारण ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे आपण पाऱ्याचे पंचेचाळीसहून अधिक मिलिमीटर फुकट धरले आहेत, आणि ते बाष्पदाबाच्या दुरुस्तीपेक्षाही जास्त आहेत. इतकी काळजी घेऊन २६.७ वजा करायचे आणि ज्यातून वजा करायचे तो आकडाच दुसऱ्या गावाचा घ्यायचा, असे झाले आहे.

मुंबईच्या मित्रांचे उत्तर जुळते यातही नवल नाही. तेथे समुद्रसपाटीचा दाब आणि प्रत्यक्ष दाब जवळजवळ एकच असतो, त्यामुळे ही चूक घडली तरी दिसत नाही.

आपल्याच नोंदीत याची खूण होती. लांबी मोजण्यात किंवा नळी वाचण्यात गफलत असती, तर काही गटांची उत्तरे जास्त आणि काहींची कमी आली असती. फीत लहान असो वा मोठी, टक्केवारी एकाच दिशेला आणि साधारण तेवढीच राहत असेल, तर सर्वांनी मिळून वापरलेल्या एखाद्या आकड्यावर संशय घ्यावा. आणि येथे सर्वांचा आकडा एकच होता, हवेचा दाब.

आपल्या भौतिकशास्त्र विभागात फोर्टिनचा वायुदाबमापक असेल तर तो वाचा. त्यावरील वाचनातून २७ अंशांना सुमारे तीन मिलिमीटर वजा करायला विसरू नका, कारण गरम झालेला पारा प्रसरण पावतो आणि स्तंभ खऱ्यापेक्षा उंच दिसतो. ज्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे त्यातही प्रत्यक्ष दाब मिळतो, मात्र सेन्सरचे मूळ वाचन दाखवणारे ॲप हवे.

प्रयोगवही (धागाकर्ता)

आज भौतिकशास्त्र विभागातील वायुदाबमापक वाचला. वाचन ७१६ मिलिमीटर होते. पाऱ्याच्या प्रसरणापोटी ३ वजा केल्यावर ७१३ उरले. ॲपवर आजही १०१२च दाखवत असल्याने हा आकडा त्या दिवसासाठी वापरण्यास हरकत नसावी असे धरतो. ७१३ मधून बाष्पदाबाचे २६.७ आणि पातळीतील फरकाचे ५ वजा करून कोरड्या हायड्रोजनचा दाब ६८१.३ मिलिमीटर येतो. आकारमान ०.०४०५ लिटर, तापमान ३००.१५ केल्विन आणि R चे मूल्य ६२.३६ घेतले, तर ०.००१४७४ मोल मिळतात. अपेक्षित ०.००१४८१ होते. म्हणजे आता अर्धा टक्का कमी. बाकीच्या गटांची गणितेही याच दाबाने पुन्हा करून घेईन.

उरलेला अर्धा टक्का फितीवरच्या ऑक्साइडच्या थराचा असावा, असे मला वाटते. फीत सँडपेपरने घासली होती, तरी कडांना थोडा थर राहिला असेल, आणि ऑक्साइडमधून हायड्रोजन निघत नाही.

किनारपट्टी

ॲपच्या दाबाचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य करतो. पण ऑक्साइडपेक्षा विरघळलेला हायड्रोजन हे कारण मला अधिक पटते. तो पाण्यात फारच थोडा विरघळतो खरा, पण येथे तूट जेमतेम पाव मिलिलिटरची आहे, आणि बुडबुडे पाण्याच्या सबंध स्तंभातून वर चढतात.

जुना_प्रयोगशाळावाला

दोन्ही शक्य आहेत, पण त्यांत निवड करण्याइतके हे मापन बारीक नाही. सर, ०.०३६० ग्रॅम हे वजन आपण थेट तराजूवर केले की लांबीवरून काढले?

प्रयोगवही (धागाकर्ता)

लांबीवरून. एक मीटर फितीचे वजन ०.९० ग्रॅम भरले, त्यातून या नळीसाठी चार सेंटिमीटर कापले. आमचा तराजू शतांश ग्रॅमपर्यंतच दाखवतो.

जुना_प्रयोगशाळावाला

मग चार सेंटिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे कापले गेले तरी सव्वा टक्क्याचा फरक पडतो, आणि ०.९० या वजनातील शेवटच्या अंकाचा संशय वेगळाच. अर्ध्या टक्क्याची तूट त्यात पूर्ण बुडून जाते. त्या दिवसाचा दाब आजच्या दाबासारखाच होता हेही आपण धरूनच चाललो आहोत. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराचा आणि दुपारी चारच्या सुमाराचा दाब यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक एरवीही असतो, म्हणून पुढच्या वेळी दाब प्रयोगाच्या वेळेलाच वाचावा.

त्याहून मोठी बाब तापमानाची वाटते. ही अभिक्रिया उष्णता देते, आणि आकारमान लगेच वाचले तर नळीतील वायू खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असू शकतो. वायू ३० अंशांना असेल आणि आपण २७ धरले, तर दोन्ही बाजूंनी मार बसतो: गरम वायू फुगलेला असतो म्हणून आकारमान एक टक्का जास्त, आणि बाष्पदाब २६.७ नव्हे तर ३१.८ मिलिमीटर असतो, तोही आपण कमी वजा करतो. दोन्ही मिळून उत्तर पावणेदोन टक्क्यांनी फुगते. आपण वाचनाआधी किती वेळ थांबलात, आणि तापमापक पाण्यात होता की खोलीत टांगलेला?

प्रयोगवही (धागाकर्ता)

बुडबुडे थांबल्यावर काही मिनिटेच थांबलो होतो, आणि तापमापक खोलीत होता. म्हणजे तूट अर्धा टक्का दिसते ती कदाचित प्रत्यक्षात जास्त असेल आणि गरम वायूने तिचा काही भाग झाकला असेल. पुढच्या तुकडीला तापमापक नळीशेजारच्या पाण्यात ठेवायला सांगतो, आणि आकारमान दोनदा वाचून ते स्थिर झाल्यावरच नोंदवायला लावतो. फितीचे वजन शेजारच्या पदवी महाविद्यालयातील बारीक तराजूवर करता येते का, तेही विचारून पाहतो.

सोडा_आणि_व्हिनेगर

मिठाचे द्रावण वापरून पाहिले. वायू पूर्वीपेक्षा बराच जास्त मिळाला, पण अजूनही अपेक्षेएवढा नाही. आकडे घेऊन वेगळा धागा काढते.