मदत हवी आहे: अनारसे दोनदा हसले; परीक्षणात हा दोष पुस्तकाचा लिहावा की माझा?

सुदामानगरची_सून

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो आणि आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पाककृतींच्या एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याचे मी कबूल केले आहे. पुस्तकात 112 कृती आहेत. नुसते चाळून मत देणे मला पटेना, म्हणून त्यातल्या 5 कृती मी घरी करून पाहिल्या.

सुरळीच्या वड्या, भरली वांगी आणि ताकातला पालक हे तीनही पदार्थ पहिल्याच वेळी जमले. सुरळीच्या वड्यांचे मिश्रण कधी उतरवायचे ते लेखिकेने इतके नेमके सांगितले आहे (ताटाच्या मागच्या बाजूला थोडे पसरावे, गार झाल्यावर सुटून आले तर तयार) की मला एकदाही चाचपडावे लागले नाही. भुट्ट्याच्या किसाला पुस्तकात स्वीट कॉर्न सांगितले आहे, मी आपली नेहमीची देशी पांढरी कणसे घेतली आणि मला दूध बरेच जास्त लागले. तो बदल माझा, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडले ते अनारशांपाशी. अधिक महिन्यात जावयांना 33 अनारशांचे वाण द्यायचे होते. पहिला अनारसा तुपात सोडला आणि बघता बघता त्याची जाळी फाकत जाऊन कढईत नुसती खसखस आणि चुरा तरंगू लागला. चौथ्या अनारशानंतर मी कढई उतरवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तांदूळ भिजवले, पुन्हा तेच झाले. पुस्तकात प्रमाण आहे ‘2 वाट्या पीठ, 2 वाट्या किसलेला गूळ’. मी तेच घेतले होते.

आता परीक्षणात काय लिहू? पुस्तकाची प्रत लेखिकेने स्वतः दिली आहे आणि त्या आमच्या परिचयाच्या आहेत, त्यामुळे मन अधिकच घुटमळते आहे.

नर्मदातीर

ताई, एकदा फसले तर हाताचा दोष, दोनदा फसले तर पुस्तकाचा, हा माझा साधा नियम आहे. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कृती इकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. तसे स्पष्ट लिहून टाका.

अलकापुरी_बडोदे

एका मासिकासाठी मी अनेक वर्षे पाककृती करून तपासण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नर्मदातीर यांचा पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. दोनदा करून पाहणे आवश्यकच आहे, पण दोन्ही वेळा माप त्याच हाताने, त्याच सवयीने भरले असेल तर दुसरी खेप ही पहिलीचीच नक्कल ठरते, तिने नवे काही सिद्ध होत नाही. उंचीचा मुद्दा मात्र येथे गैरलागू आहे. 550 मीटरवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, एवढाच काय तो फरक. तळणीच्या तुपाचे तापमान आपल्या आचेवर ठरते, त्याचा उंचीशी संबंध नाही. आणि पुणेही जवळपास तितक्याच उंचीवर आहे.

अनारसा हसतो तो बहुतेक वेळा गूळ जास्त झाल्यामुळे किंवा पीठ फार ओले राहिल्यामुळे. म्हणून ताई, मला तीन गोष्टी सांगा. वाटी कोणती घेतलीत? गूळ दाबून भरलात की सैल? आणि पीठ चाळून लगेच मोजलेत का? वजनकाटा असेल तर तीच वाटी पुन्हा तशीच भरून तोला.

गराडूप्रेमी

आमच्या आईच्या पद्धतीत पिठात चमचाभर साजूक तूप आणि थोडे केळे घालतात, हसणे शक्यच नाही. कोणाला हवी असल्यास पूर्ण कृती देईन. भुट्ट्याचा कीस कुकरमध्ये करता येतो का, हेही कोणी सांगावे.

सुदामानगरची_सून

गराडूप्रेमी, कृती जरूर द्या, पण माझा प्रश्न अनारसे कसे वाचवावेत हा नसून त्यांच्याबद्दल कसे लिहावे हा आहे.

अलकापुरीताई, आपण सांगितल्याप्रमाणे तोलून पाहिले. माझी वाटी 150 मिलीची आहे. चाळलेले ओलसर पीठ भरले तर 82 ग्रॅम भरते, आणि गूळ मी नेहमी दाबूनच भरते, तो 134 ग्रॅम भरला. तोच गूळ सैल भरला तेव्हा 92 ग्रॅम. म्हणजे दोन्ही खेपांना वाट्या सारख्या असूनही गूळ पिठाच्या दीडपटीहून अधिक पडत होता.

मग तिसऱ्यांदा तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, पीठ केले आणि दोन गोळे वेगवेगळे मळून चार दिवस ठेवले. एकात सैल वाटीने गूळ घातला, दुसऱ्यात वजनाने पिठाच्या सुमारे पाऊणपट. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, मंद आचेवर तळले. पाऊणपट गुळाचे चारही अनारसे जाळीदार झाले. सैल वाटीचे तीन झाले, चौथा कडेने सुटला.

अलकापुरी_बडोदे

उत्तम. यातून दिसते ते असे की कृती चुकीची नाही, अपुरी आहे. गूळ कसा भरायचा आणि वाटी केवढी, हे लेखिकेच्या हाताला ठाऊक आहे, पण कागदावर उतरलेले नाही. परीक्षणात नेमके एवढेच यावे. ‘अनारशांची कृती फसवी आहे’ असे लिहिलेत तर अन्याय होईल, आणि ‘माझ्या हातून बिघडले’ एवढेच लिहिलेत तर ज्या वाचकाच्या घरी गूळ दाबूनच भरतात, तो तुमच्यासारखाच कढईपाशी फसेल.

112 पैकी 5 कृती केल्याचे पहिल्याच परिच्छेदात सांगा, त्यांची नावेही द्या. प्रत भेट मिळाल्याचेही तेथेच लिहा. आणि इतर कृतींतही वाटीचे माप दिलेले आहे का, हे एकदा पाहून घ्या. सगळीकडे तीच त्रुटी असेल तर ती पुस्तकाविषयीची गोष्ट होते, एरवी ती एका पानाचीच राहते.

नर्मदातीर

उंचीचा मुद्दा मागे घेतो. पण मला अजूनही वाटते की ज्याने पैसे देऊन पुस्तक घेतले, त्याने तीनदा तांदूळ का भिजवावेत? पाऊण किलो गूळ आणि तूप वाया गेले, ते वाचकाचेच ना?

सुदामानगरची_सून

आपले म्हणणे मला मान्य आहे, म्हणून तेही लिहिते आहे. पुस्तक पुन्हा पूर्ण चाळले. गोडाच्या 18 कृतींपैकी एकीतही वाटीचे माप नाही आणि वजन कोठेच दिलेले नाही. रोजच्या भाज्यांना त्याने फारसे बिघडत नाही, पाकाच्या आणि तळणीच्या पदार्थांना बिघडते. मसुदा असा केला आहे:

‘रोजच्या स्वयंपाकाच्या कृतींत लेखिकेच्या खुणा अचूक आहेत. गोडाच्या विभागात मात्र वाटी किती मिलीची आणि गूळ दाबून की सैल, हे सांगितलेले नाही. या कारणाने माझे अनारसे दोनदा हसले. गूळ वजनाने पिठाच्या पाऊणपट घेतल्यावर ते उत्तम झाले.’

एकच शंका राहिली. हा मजकूर छापण्यापूर्वी लेखिकेला दाखवावा का?

अलकापुरी_बडोदे

मसुदा नको. मात्र त्यांना फोन करून ‘आपण गूळ कसा भरता?’ एवढे जरूर विचारा आणि त्यांचे उत्तर परीक्षणात द्या.

नर्मदातीर

मला हे पटत नाही. परिचयातल्या व्यक्तीने फोनवर सांगितलेले उत्तर आले की परीक्षणाचा सूर मवाळ होतो. पुस्तकात जे छापले आहे, त्यावरच लिहावे.

सुदामानगरची_सून

अंकाचा मजकूर द्यायला अजून नऊ दिवस आहेत. फोनचे मी अद्याप ठरवलेले नाही. तोवर चिरोट्यांचा पाक पुस्तकाप्रमाणे करून पाहते आणि या वेळी पहिल्यापासून काट्यावर तोलून लिहून ठेवते.