मदत हवी आहे: सोसायटीच्या ॲपवर यायचं आणि मेंटेनन्स ऑनलाइन भरायचा, यासाठी सभासदांना नोटीस कशी लिहावी?

खजिनदारबाई

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची 24 फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी आहे. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा, महिना 800 रुपये. आतापर्यंत वॉचमनदादा दारोदार फिरून रोख गोळा करायचे आणि मी पावत्या फाडायचे. मागच्या सर्वसाधारण सभेत ॲप घ्यायचं ठरलं. बिल त्यावर येईल आणि पैसे सोसायटीच्या बँक खात्यात जातील. सोमवारी बोर्डावर नोटीस लावायची आहे. मसुदा असा:

«सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीचे ॲप मोबाईलवर घेऊन त्यात नोंदणी करावी. सोसायटीचा कोड कार्यालयात मिळेल. यापुढे मेंटेनन्स ॲपमधून किंवा कार्यालयातील क्यूआर कोडवर दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा. रोख स्वीकारली जाणार नाही.»

वाचायला बरी वाटते, पण यावर आमच्याकडची माणसं अडतील अशी मला धास्ती आहे. सात-आठ घरं निवृत्त मंडळींची आहेत, मुलं पुण्या-नागपूरला. दोन फ्लॅटचे मालक खेड्यावर शेती करतात आणि कापूस विकला की वर्षाचे पैसे एकदम आणून देतात. एका आजोबांकडे बटनाचा फोन आहे. सगळ्यांना एकाच वाचनात समजावं, यासाठी काय बदलू?

मोबाईलवाला_भाऊ

ताई, एवढं किचकट कशाला? तुमच्याच नंबरचा क्यूआर ग्रुपवर टाका. पैसे पडले की लगेच कळतं. महिनाअखेरीला एकदम सोसायटीच्या खात्यात वळते करा. आमच्या गणेश मंडळाची वर्गणी अशीच जमा होते. आणि एक नोटिशीत ठळक लिहा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा पैसे जाणार आहेत.

लेखापरीक्षक_निवृत्त

पिनचं तुम्ही बरोबर सांगितलं, ते नोटिशीत हवंच. पण खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर सोसायटीचा पैसा एक दिवसही घेऊ नये. सहकारी संस्थेचा पैसा संस्थेच्या नावाच्या खात्यातच यायला हवा. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न निघतो की सभासदाने 5 तारखेला भरलेले पैसे संस्थेत 30 तारखेला का आले. ताईंनी पैन् पै जमा केली तरी मधल्या पंचवीस दिवसांचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

आता मसुद्याबद्दल. ताई, नोंदणी करताना लोक कुठे अडतात ते आधी सांगतो. बहुतेक सोसायटी ॲपमध्ये मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो, मग सोसायटीचा कोड, मग फ्लॅट नंबर. त्यानंतर Owner की Tenant असं विचारतात. हे सगळं भरलं तरी काम संपत नाही. सेक्रेटरी किंवा खजिनदाराने मंजुरी देईपर्यंत पडद्यावर Pending दिसतं. लोकांना वाटतं ॲप बंद पडलं. ते ॲप काढून टाकतात, पुन्हा घेतात, दुसऱ्या नंबरने नोंदणी करतात आणि एका फ्लॅटच्या तीन नोंदी होतात. म्हणून नोटिशीत लिहा की मंजुरी कोण देणार आणि किती दिवसांत. नाव सभासद नोंदवहीत आहे तेच टाकायला सांगा. मंजुरी देताना नुसतं नाव बघू नका, नोंदवहीतल्या नंबरवर एक फोन करा. कोड गावभर फिरला तर बाहेरचा माणूसही अर्ज करू शकतो.

शेगाव_रोड

आमच्याकडे कमिटीने भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क लावलं आहे, तेही ॲपच्या बिलात येतं. हे किती घेता येतं? आमच्याकडून मेंटेनन्सच्या निम्मं घेतात.

लेखापरीक्षक_निवृत्त

धागा वेगळा आहे, तरी सांगतो. शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बाकीचं नवीन धाग्यात विचारा.

पुण्यातला_मुलगा

खजिनदारताई, मी तुमच्या त्या पुण्यातल्या मुलांपैकीच समजा. आई-बाबा वाशिम जिल्ह्यात राहतात, त्यांचा मेंटेनन्स मी इथून क्यूआरवर भरतो. सलग दोन महिने बाबांना थकबाकीची नोटीस आली. खजिनदारकाका म्हणाले, पैसे आलेच नाहीत. शेवटी बाबांनी बँकेतून उतारा आणला, त्यात ओळ होती ती साधारण अशी:

```
UPI/CR/<12 अंकी क्रमांक>/<माझे नाव>/<माझी बँक>
```

फ्लॅट नंबरही नाही आणि बाबांचं नावही नाही. मी भरताना नोंदीत «फ्लॅट 11» लिहिलं होतं, ते उताऱ्यात छापलंच गेलं नव्हतं. पैसे पहिल्या दिवसापासून खात्यात होते, ते कुणाचे एवढंच कुणाला कळलं नव्हतं.

लेखापरीक्षक_निवृत्त

ऑनलाइन मेंटेनन्समध्ये मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला घोळ हाच. ताई, तुमच्या मसुद्यात «ॲपमधून किंवा क्यूआरवर» असं आहे. बोर्डावर दोन्ही सारखे वाटतात, पण हिशेबात दोन्ही वेगळे वागतात.

समजा शनिवारी रात्री चार फ्लॅटनी ॲपमधल्या बिलावर Pay दाबून भरलं. ॲपला कुणाचं बिल फिटलं ते माहीत असतं, त्यामुळे पावती आपोआप निघते. पण पैसा आधी पेमेंट कंपनीकडे जातो आणि तिथून सोसायटीच्या खात्यात. पासबुकात सोमवारी किंवा मंगळवारी 3,200 ची एकच नोंद दिसेल. त्यात कोणते चार फ्लॅट आहेत हे पाहायला ॲपमधला सेटलमेंटचा अहवाल काढावा लागतो. क्रेडिट कार्डाने भरलं तर वर शुल्कही लागतं, ते सभासदाने द्यायचं की सोसायटीने, हे आधी ठरवा.

तेच चार जण बोर्डावरच्या क्यूआरवर भरतील तर 800 च्या चार वेगळ्या नोंदी येतील, बऱ्याचदा त्याच मिनिटाला. शुल्काचा प्रश्न सहसा येत नाही. पण ॲपला त्याचा पत्ता नसतो. तिथे चौघांचं बिल बाकीच दिसेल, जोवर तुम्ही हाताने नोंद करत नाही. आणि नोंद करायला फ्लॅट ओळखता यायला हवा.

माझं मत, पहिले काही महिने ॲपमधलं बिल हाच मुख्य रस्ता ठेवा. क्यूआर फक्त ज्यांना ॲप जमत नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांनी भरल्यावर 12 अंकी क्रमांक आणि फ्लॅट नंबर कळवलाच पाहिजे.

वऱ्हाडी_माणूस

काका, तो बारा आकडी नंबर कोणी पाठवत नाही बाप्पा. आमच्या सोसायटीत मी साधा उपाय केला. फ्लॅटचा नंबर पैशात टाकाचा. 7 नंबरवाल्यानं 800.07 भराचे, 19 वाल्यानं 800.19. पासबुक पाह्यलं की फ्लॅट समजते, मंग भरणारा पोरगा असो का जावई. काहून नंबर विचारत बसता?

खजिनदारबाई

वऱ्हाडीभाऊ, हे फार आवडलं! म्हणजे आमचे कापूसवाले काका वर्षाचे 9,600.07 भरतील, तरी कळेल.

लेखापरीक्षक_निवृत्त

ओळखायला युक्ती चांगली आहे. पण बिल 800.07 चं काढू नका, सभेने सगळ्यांना 800 मंजूर केले आहेत. बिल 800 चंच ठेवा आणि वरचे पैसे त्या सभासदाच्या खात्यात आगाऊ जमा दाखवा. 7 नंबरचे वर्षाला 84 पैसे होतील. ज्याच्यावर मागची बाकी आहे त्याची रक्कम पैशांतच आली तर मात्र ही युक्ती फसते. आणि जो पैसे टाकायला विसरेल त्याचा शोध तसाच उरतो.

वऱ्हाडी_माणूस

इसरतात दोन-चार जण. पण चोवीसातले दोन शोधणं सोपं हाये, चोवीस शोधणं नाही. आमच्या ऑडिटरनं काही म्हटलं नाही.

लेखापरीक्षक_निवृत्त

मी असतो तर एक टिपण लिहिलं असतं. असो, तुमच्याकडे चालत असेल तर चालू द्या.

पुण्यातला_मुलगा

क्यूआरबद्दल अजून एक. गेटवर उघड्यावर चिकटवू नका. कुणी त्यावर दुसरं स्टिकर लावलं तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. काचेच्या बंद बोर्डात लावा, आणि स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसायला हवं ते नोटिशीत अक्षरशः तसंच छापा. बँकेत संस्थेचं नाव इंग्रजीत आणि आखूड असतं, ते मराठी पाटीशी जुळत नाही, मग म्हातारी माणसं घाबरून परत जातात. खाते क्रमांक देत असाल तर आयएफएससीही द्या. त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, बाबा दर वेळी इंग्रजी ओ टाकायचे.

खजिनदारबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून नोटीस नव्याने लिहिली. बघा जमली का:

«सोसायटीच्या सर्व सभासदांस,

1) ॲप उघडून आपला मोबाईल नंबर, सोसायटीचा कोड आणि फ्लॅट नंबर टाकावा. नाव सभासद नोंदवहीप्रमाणे लिहावे. स्वतः मालक असल्यास Owner, भाडेकरू असल्यास Tenant निवडावे. त्यानंतर Pending दिसेल. ॲप बिघडलेले नाही, पुन्हा नोंदणी करू नये. खजिनदार आपणास फोन करून दोन दिवसांत मंजुरी देतील.

2) दर महिन्याच्या 1 तारखेला ॲपवर बिल येईल. 15 तारखेपर्यंत त्या बिलावरूनच भरावे, पावती तिथेच मिळेल. मुलाने किंवा नातेवाइकाने भरायचे असल्यास आपल्याच फ्लॅटच्या बिलावरून भरावे.

3) ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी कार्यालयातील काचेच्या बोर्डातील क्यूआर वापरावा. पडद्यावर खाली छापलेलेच नाव दिसले तरच पिन टाकावा. रकमेत आपला फ्लॅट नंबर पैशांत लिहावा (फ्लॅट 7 साठी 800.07) आणि 12 अंकी क्रमांक खजिनदारांना कळवावा.

4) पैसे कापले गेले पण Pending किंवा Failed दिसत असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरू नये. खजिनदारांना सांगावे.

5) सोसायटी कुणालाही पिन, ओटीपी किंवा लिंकवर पैसे मागणार नाही. फसवणूक झाल्यास ताबडतोब 1930 वर फोन करावा.»

«रोख स्वीकारली जाणार नाही» हे वाक्य काढलं. आजोबा चेक देतील, त्याची नोंद मी ॲपमध्ये करीन.

लेखापरीक्षक_निवृत्त

उत्तम. चौथ्या मुद्द्यात मुदत घाला, नाहीतर तुम्हाला रोज फोन येतील. अडकलेला व्यवहार माणसाकडून माणसाला असेल तर पुढच्या दिवसापर्यंत, आणि व्यापारी क्यूआरवर असेल तर पाच दिवसांपर्यंत आपोआप परत यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. तुमचा क्यूआर कोणत्या प्रकारचा आहे ते बँकेत विचारा आणि तेवढेच दिवस लिहा. शिवाय पावती सभासदाच्या नावानेच निघते ना, ते एकदा तपासा. भाडेकरूने भरलं की काही ॲप भाडेकरूच्या नावाने पावती काढतात.

वऱ्हाडी_माणूस

आजोबाले *99# सांगून पाहा ताई. बटनाच्या फोनवर इंटरनेटबिगर चालते. फक्त बँकेत तोच नंबर जोडलेला पाह्यजे.

खजिनदारबाई

त्यांचा बँकेतला नंबर मुलीचा आहे, ती अमरावतीला असते. तो बदलायला बँकेत न्यावं लागेल, ते मानतील का बघते. आणि आत्ताच तपासलं, भाडेकरूची चाचणी नोंद केली तर पावतीवर खरंच भाडेकरूचं नाव येतंय. ॲपवाल्यांना कळवलं आहे. हे कुणी आपल्या ॲपमध्ये बदलून घेतलं असेल तर कुठल्या सेटिंगमध्ये मिळालं ते सांगा.