पुट्टीचा भाव १ तारखेपासून वाढतोय, किती महिन्यांचा माल उचलावा?

इतवारी_हार्डवेअर: कंपनीचं पत्र आलं आहे. व्हाइट सिमेंट पुट्टीच्या ४० किलोच्या पोत्याचा आमचा खरेदी भाव जीएसटी सोडून ८०० रुपये आहे, तो १ तारखेपासून ४८ रुपयांनी चढणार. महिन्याला ५०० पोती जातात आणि माल दर आठवड्याला येतो. व्याज, गोदामभाडं, फूटतूट मिळून पोत्यामागे महिन्याला १२ रुपये पडतात. भागीदार म्हणतो, आठ महिन्यांचा माल एकदम भरला तरी तोटा नाही. मग भरू का?

वाडीचा_ठोक: भरा, विचार कसला करता? बँकेचं व्याज साडेदहा टक्के म्हटलं तरी पोत्यामागे महिन्याला ७ रुपये. ४८ भागिले ७ केले की पावणेसात महिने येतात. गोदाम स्वतःचं आणि रिकामं असेल तर भाडं धरायचंच कशाला? सहा महिन्यांचा माल डोळे मिटून घ्या. पुढे ह्या भावात पोतं दिसणार नाही.

खरेदी_हिशेब: भागीदाराचा आकडा बरोबर आहे, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आठ महिन्यांची ४००० पोती घेतली तर बचत १,९२,००० रुपये. पहिलं पोतं लगेच जातं, शेवटचं आठ महिन्यांनी, म्हणजे सरासरी चार महिने थांबणं आलं. चार महिन्यांचे ४८ रुपये गुणिले ४००० म्हणजे पुन्हा १,९२,०००. तोटा नाही हे खरं, पण ३२ लाखांचा माल भरून हाती शून्य.

हिशेब शेवटच्या पोत्याचा करायचा. चार महिन्यांनंतर विकल्या जाणाऱ्या पोत्यावर ४८ वाचतात आणि ४८ च खर्च होतात. त्यापुढचं प्रत्येक पोतं आधीच्या पोत्यांनी कमावलेलं खात जातं. म्हणून कमाल मर्यादा चार महिने, आठ नव्हे.

आता चारच्या आतलं बघा. चार महिन्यांच्या २००० पोत्यांवर बचत ९६,००० आणि खर्च ४८,०००, उरतात ४८,०००. तीन महिन्यांच्या १५०० पोत्यांवर उरतात ४५,०००. दोन महिन्यांच्या १००० वर ३६,०००. चौथ्या महिन्याचा माल घेण्यासाठी आणखी ४ लाख गुंतवायचे आणि मिळवायचे ३ हजार! मी दोन महिन्यांवर थांबलो असतो, फार तर अडीच.

रिकाम्या गोदामाचं भाडं धरू नये हे वाडीवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण जागा भरेपर्यंतच. महिन्याची ५०० पोती म्हणजे २० टन माल. चार महिन्यांचा ८० टन आत गेल्यावर टाइल्स आणि पाइप बाहेर काढून दुसरी जागा भाड्यानं घ्यावी लागली, तर ते सगळं भाडं ह्याच पुट्टीच्या माथी येतं.

कळमना_अडत: आमच्याकडे सोयाबीन लोक असंच थांबवून धरतात. कधी साधतं, कधी भाव बसतो. सट्टा आहे हा, दुकानदारानं त्यात पडू नये.

खरेदी_हिशेब: भाऊ, सोयाबीन थांबवणारा भाव चढेल ह्या आशेवर असतो. इथं तारीख आणि रक्कम कंपनीनं लिहून दिली आहे. म्हणून तर महिने मोजता येतात.

गांधीबाग_पेंट्स: लिहून दिलं म्हणून टिकेल असं नाही. माझा विरोध इथंच आहे. भाववाढीचं पत्र आलं की शहरातला प्रत्येक ठोकवाला भरून घेतो. पुढचे दोन महिने कंपनीला ऑर्डर नाही, विक्री अधिकाऱ्याचं टार्गेट अडकतं आणि मग स्कीम येते. बिलावर ८४८ आणि खालून क्रेडिट नोट. शिवाय सगळ्यांकडे जुना माल असल्यानं बाजारात पोतं जुन्याच भावानं विकलं जातं. मग ४८ रुपये वाचले कुठे? ते गिऱ्हाइकाच्या खिशात गेले.

खरेदी_हिशेब: दुसरा मुद्दा पटत नाही. बाजार जुन्या भावानं विकत असेल तर माल न भरणारा ८४८ ला घेऊन त्याच भावानं विकेल, त्याचे ४८ घरातून जातील. तुलना करायची ती न भरल्यावर काय झालं असतं ह्याच्याशी, आणि त्या हिशेबानं बचत ४८ च राहते.

पहिला मुद्दा मात्र जड आहे. क्रेडिट नोटनं अर्धी वाढ परत आली तर बचत २४ वर येते. मग दोन महिन्यांच्या मालावर तरीही १२,००० सुटतात, चार महिन्यांवर शून्य आणि आठ महिन्यांवर ९६,००० चा खड्डा.

गांधीबाग_पेंट्स: आणि अर्धीच परत येईल हे कुणी सांगितलं? पूर्ण परत आली तर दोन महिन्यांवालेही १२,००० नी बुडाले. मी एका महिन्याच्या पुढे जाणार नाही.

जीएसटी_सीताबर्डी: १२ रुपयांत एक गोष्ट राहिली आहे. पुट्टीवर १८ टक्के जीएसटी आहे. २००० पोत्यांचं बिल १६ लाखांचं नाही, १८,८८,००० चं होतं. वरचे २,८८,००० क्रेडिट लेजरमध्ये दिसतात, पण विक्रीवरचा कर निघेल तसेच वळते होतात, म्हणजे जवळपास पोत्यांसोबतच अडकतात. त्यांचं व्याज धरलं की १२ चे सव्वातेरा होतात आणि चार महिन्यांची मर्यादा साडेतीनच्या आसपास येते.

त्याहून महत्त्वाचं, कॅश क्रेडिटची लिमिट बघा. ती पुट्टीत संपली आणि मधेच टाइल्सची गाडी पैशाअभावी परत गेली, तर टाइल्सचं गिऱ्हाईक गेल्याचं नुकसान ह्या १२ रुपयांत कुठेच नाही. कंपनी उधारीत देते म्हणून निर्धास्त राहू नका. उधारीचीही मर्यादा असते, आणि १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

साइट_सुपरवायझर: कंत्राटदाराच्या बाजूनं सांगते. पोत्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो आणि साइटवर तो वाचला जातो. चार-पाच महिने जुनं पोतं आमचे पेंटर सरळ परत पाठवतात. पावसाळ्यात तर आधी कोपरा दाबून बघतात. गाठ बोटानं चुरली तर ती थप्पीच्या वजनानं झालेली असते, माल चांगला. चुरली नाही तर ओल लागून आतून सेट झालं, ते फुकट. भिंतीला टेकलेली आणि फरशीवर थेट ठेवलेली पोती सगळ्यात आधी जातात. लाकडी पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर, थप्पी दहाच्या आत, जुना माल पुढे. हे करायला जागा नसेल तर माल घेऊ नका.

वाडीचा_ठोक: ओल लागते ती हलगर्जीपणानं. त्यासाठी स्वस्त माल सोडायचा? मी तीन महिन्यांवर येतो, त्याखाली नाही.

खरेदी_हिशेब: इतवारीवाले, ऑर्डर देण्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या. भाव ऑर्डरच्या तारखेचा की बिलाच्या? बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेचा असतो. २८ ला ऑर्डर दिली आणि डेपोनं बिल २ ला काढलं तर ८४८ नंच येईल आणि अख्खा हिशेब वाया जाईल. दुसरं, जुन्या भावात किती पोती देणार? अशा वेळी मागच्या महिन्यांच्या उचलीवर कोटा ठरवतात.

इतवारी_हार्डवेअर: आताच फोन केला. भाव बिलाच्या तारखेचाच आहे आणि कोटा १२०० पोत्यांचा. भागीदार सगळी १२०० म्हणतो, मी १००० वर आहे. पॅलेट मोजले, ९०० पोत्यांपुरतेच निघाले.