दुकानदारांना समजेल असे माहितीपत्रक कसे लिहावे?

सांगलीकर_वही
आमचे कर सल्ला आणि हिशेबलेखनाचे छोटे कार्यालय आहे. आम्ही सीए नाही. दुकानदारांसाठी काढलेल्या माहितीपत्रकातले पहिलेच वाक्य असे आहे: "कलम १६ अन्वये इनपुट टॅक्स क्रेडिटची पात्रता तपासणी व जीएसटीआर-२बी शी मासिक ताळमेळ." गेल्या महिन्यात एका हार्डवेअरवाल्याने ते वाचून मला विचारले, "म्हणजे तुम्ही रिटर्न भरून देता ना?" आमचे सर्वांत कष्टाचे काम त्याच्या लक्षातच आले नव्हते. हे वाक्य कसे लिहावे, याविषयी कृपया सल्ला द्यावा.

रंगछटा
कागद १७० जीएसएमचा आर्ट पेपर घ्यावा आणि मजकूर निम्मा करावा. आमच्या छापखान्यात असे दुमडपत्रक नेहमी होते.

सांगलीकर_वही
आभारी आहे, पण कागदाचा प्रश्न नंतरचा आहे. आधी काय छापायचे तेच ठरत नाही.

जुना_मुनीम
कलमाचा उल्लेख काढा आणि त्या हार्डवेअरवाल्याचाच एक महिना मांडा. समजा, त्याने एका व्यापाऱ्याकडून एक लाखाचा रंग घेतला आणि त्यावर अठरा टक्क्यांनी १८,००० रुपये कर दिला. तोच माल त्याने एक लाख वीस हजारांना विकला, तेव्हा गिऱ्हाइकाकडून २१,६०० रुपये कर आला. सर्व सुरळीत असेल, तर त्याला सरकारात ३,६०० रुपयेच भरायचे आहेत. मात्र त्या व्यापाऱ्याने हे बिल आपल्या विवरणात दाखवले नसेल, तर ते दुकानदाराच्या २बी मध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, उतरत नाही आणि त्या महिन्यात त्याला खिशातून पूर्ण २१,६०० रुपये भरावे लागतात. दुकानदाराला हे १८,००० रुपये समजतात, 'ताळमेळ' समजत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्याची २बी चौदा तारखेला तयार होते आणि ३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरण, वीस तारखेपर्यंत भरायचे असते. मधल्या त्या पाच-सहा दिवसांत तुम्ही खरेदीची फाईल घेऊन एकेक बिल ताडून पाहता आणि राहिलेल्या व्यापाऱ्याला फोन करता. तुमचे खरे काम हेच आहे, म्हणून तेच लिहा.

हिशेबी_माणूस
मग सरळ मोठ्या अक्षरांत छापा: "बिल चढले नाही तर तुमचे १८,००० रुपये बुडाले!" भीती दाखवल्याशिवाय कोणी वाचत नाही.

जुना_मुनीम
'बुडाले' हा शब्द चुकीचा ठरेल. व्यापाऱ्याने पुढच्या महिन्यात ते बिल दाखवले, तर तेव्हाच्या २बी मध्ये येते आणि क्रेडिट मिळते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर त्या दिवसापर्यंत, ती वाट खुली असते. मुदत उलटली तर मात्र रक्कम खरोखरच जाते. तोवर 'अडकले' म्हणा. शिवाय समोरचा व्यापारी तीन महिन्यांनी विवरण भरणारा असेल आणि मधल्या महिन्यांची बिले आधी चढवत नसेल, तर फोन करूनही बिल लगेच दिसेलच असे नाही. "आम्ही वसूल करून देतो" असे छापलेत, तर पहिल्या तिमाहीतच भांडण होईल.

कोपऱ्यावरचे_किराणा
मी हे सर्व वाचले, पण आमचे दुकान कंपोझिशनमध्ये आहे. आम्ही विक्रीवर एक टक्का भरतो आणि खरेदीवरचा कर आम्हाला परत मिळतच नाही. मग तुमच्या पत्रकाचे हे पहिले वाक्य आमच्या काय उपयोगाचे? आधीच्या सल्लागाराने हेच समजावून दिले नव्हते, त्यामुळे वर्षभर आम्ही खरेदीची बिले क्रेडिटसाठी म्हणून जपून ठेवत होतो.

जुना_मुनीम
ताईंचा मुद्दा बरोबर आहे. पत्रकात दोन दारे करावी लागतील: "तुम्ही गिऱ्हाइकाच्या बिलावर कर वेगळा दाखवता का?" होय म्हणणाऱ्याने १८,००० रुपयांचा हिशेब वाचावा, नाही म्हणणाऱ्याने तिमाहीचा भरणा आणि वार्षिक विवरण कोण सांभाळणार ते वाचावे. ताई, बिले मात्र फेकू नका. हिशेबासाठी ती लागतातच.

सांगलीकर_वही
मसुदा असा केला आहे: "खरेदीच्या बिलांची फाईल दहा तारखेपर्यंत आमच्याकडे द्या. ज्या बिलावरचा कर या महिन्यात अडकलेला दिसेल, त्या बिलाची रक्कम आणि व्यापाऱ्याचे नाव आम्ही वीस तारखेच्या आत तुम्हाला कळवू." शुल्क छापावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

हिशेबी_माणूस
शुल्क छापू नका, शेजारचा त्यात शंभर रुपये कमी करून छापेल.

कोपऱ्यावरचे_किराणा
माझ्यासारखी तर शुल्क नसलेले पत्रक वाचतच नाही.

जुना_मुनीम
शुल्कावर माझेही मत पक्के नाही. पण मसुद्यात "वीस तारखेच्या आत" म्हणजे एकोणीस तारखेच्या रात्री कळवले तरी चालेल, असा अर्थ निघतो. "सतरा तारखेपर्यंत" लिहा, म्हणजे दुकानदाराला व्यापाऱ्याशी बोलायला आणि भरण्याचे पैसे जमवायला तीन दिवस हातात राहतील.