मदत हवी आहे: नाश्त्याच्या गर्दीत अंडी आणि हात – स्टाफला पाठवायचा मेसेज तपासून द्या

ऑमलेटपाव_नाशिक:
सकाळी ७ ते १० नाश्ता. रोज साधारण १८० अंडी, किचनमध्ये चार जण. स्टाफच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला होता:

"अंडी आल्यावर धुऊन ट्रेमध्ये लावा. प्रत्येक अंडं फोडल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा. ग्लोव्हज घाला."

तीन दिवस झाले, कोणी पाळत नाही. वस्ताद साडेसहालाच ६० अंडी पातेल्यात फोडतो, पातेलं शेगडीशेजारी ठेवतो. मग खांद्यावरच्या फडक्याला हात पुसून त्याच हाताने पाव कापतो, कोथिंबीर भुरभुरतो. मेसेजमध्ये काय चुकलं?

तवावाला:
अंडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, टरफलावरचं सगळं मरतं. आणि बेसिनपाशी कशाला पाठवता? तव्याजवळ सॅनिटायझरची बाटली टांगा.

मोरीपासून_तव्यापर्यंत:
आधी हिशोब करा. १८० अंडी गुणिले २० सेकंद म्हणजे ३,६०० सेकंद, पूर्ण एक तास. तीन तासांच्या धंद्यात एक तास बेसिनपाशी कोण उभं राहील? नियमच न पाळता येणारा आहे, म्हणून पोरं तो सोडून देतात.

हात धुण्याच्या वेळा कमी करा, पण त्या चुकू देऊ नका. एकाच माणसाने अंडी फोडायची. एका वेळी १२, त्यापेक्षा जास्त नाही. प्रत्येक अंडं आधी वाटीत, वास-रंग बघून मग डब्यात. १२ झाली की टरफलं झाकणाच्या डब्यात टाकायची, ओटा पुसायचा आणि हात धुवायचे. १८० अंड्यांचे असे १५ घाणे, म्हणजे १५ वेळा हात. सरासरी १२ मिनिटांतून एकदा. हे जमतं.

वस्तादाने टरफलाला हातच लावायचा नाही. डब्यातून पळीने घ्यायचं. पाव-कोथिंबिरीला तिसरा माणूस.

पातेल्याबद्दल: ६० अंड्यांत एक जरी साल्मोनेला जंतूचं निघालं तरी ते सगळ्या पातेल्यात मिसळतं, आणि शेगडीची ऊब मिळाली की वाढत जातं. साडेसहाचं शेवटचं ऑमलेट नऊला पडत असेल तर अडीच तास झाले. डबा संपला की धुवायला टाका, नवा घ्या. उरलेल्यात नवीन अंडी ओतू नका, सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

@तवावाला, बुडवून ठेवणं उलट वाईट. टरफलाला बारीक छिद्रं असतात. पाणी अंड्यापेक्षा गार असलं की आतलं आकसतं आणि बाहेरचं पाणी मळासकट आत ओढलं जातं. तडकलेली आणि विष्ठा लागलेली अंडी ट्रे उघडतानाच बाजूला काढून परत करावीत. सॅनिटायझर चिकट, तेलकट हातावर धड काम करत नाही. आधी साबणच.

बेकरीताई:
आमच्याकडे सँडविचला मेयोनीज कच्च्या अंड्याचं करतात. हात नीट धुतले तर चालेल ना?

मोरीपासून_तव्यापर्यंत:
नाही. जंतू अंड्याच्या आतही असू शकतो, तिथे हात धुऊन उपयोग नाही. मेयोनीज तर शिजतच नाही. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती उगाच नाही. पाश्चराइज्ड अंडं वापरा, नाहीतर बिनअंड्याचं करा.

ऑमलेटपाव_नाशिक:
हिशोब पटला. मग ग्लोव्हज नकोत? आणि हाफ फ्राय? त्यात तर वस्ताद थेट तव्यावर फोडतो.

मोरीपासून_तव्यापर्यंत:
ग्लोव्हजला अंडं लागलं की तो हातासारखाच, फक्त चिकटपणा जाणवत नाही म्हणून माणूस बिनधास्त होतो. हाफ फ्रायचं अंडंही फोडणाऱ्यानेच वाटीत द्यायचं. बलक पातळ राहणार, तो धोका मात्र उरतोच. मी मेनूवरून काढेन.

तवावाला:
काढून चालत नाही, नेहमीचं गिऱ्हाईक तेच मागतं. बलक घट्ट केला तर ताट परत येतं.

ऑमलेटपाव_नाशिक:
हाफ फ्रायचं अजून ठरत नाही. बाकी मेसेज बदलला:

"उद्यापासून अंडी फक्त एकजण फोडेल, नाव फळ्यावर. १२ फोडली की टरफलं डब्यात, ओटा पुसून साबणाने २० सेकंद हात – अंगठा आणि नखांखालीसुद्धा. पुसायला पेपर नॅपकिन, खांद्यावर फडकं नको. वस्ताद, तुम्ही टरफलाला हात लावायचा नाही, पळी वापरा. पाव-कोथिंबिरीचा माणूस अंड्याकडे येणार नाही. डबा संपला की नवा डबा. भुर्जीत पाणी दिसत असेल तर अजून परता."

मोरीपासून_तव्यापर्यंत:
चांगला आहे. साबणाच्या बाटलीवर रोज सकाळी मार्करने रेघ मारा. १५ वेळा हात धुतले तर दहा वाजता साबण रेघेखाली दिसायलाच हवा. रेघेवरच असला तर ओरडू नका, आधी बेसिन बघा. बहुतेक वेळा त्यात भांडी साचलेली असतात आणि हात घालायला जागाच नसते.

ऑमलेटपाव_नाशिक:
आत्ताच बघून आलो. कढई आणि दोन परात.