शब्दचर्चा : ‘सुधारित’, ‘अतिरिक्त’ आणि मेसेजातला ‘नको’

सड्यावरचा (देवगड तालुका)

बाबांच्या पोस्टपेड नंबरावर आलेला मेसेज जसाच्या तसा देतो :

“प्रिय ग्राहक, आपली योजना 18 जूनपासून सुधारित करण्यात येत आहे. मासिक भाडे रु. 449, कर अतिरिक्त. आता मिळवा 10 जीबी अतिरिक्त डेटा. नको असल्यास 17 जूनपर्यंत NOCHG असे उत्तर पाठवा.”

जुनं भाडं 399 होतं. बाबा म्हणतात, “सुधारित म्हणजे चांगलंच की, वर 10 जीबी देतायत.” मला शंका अशी की ‘सुधारित’चा अर्थ ‘सुधारलेला’ असाच होतो का? आणि ‘अतिरिक्त’ दोनदा आलाय, तो दोन्हीकडे एकच आहे का?

शाळामास्तर, वेंगुर्ले

बाबांचा दोष नाही. आपल्याकडे ‘सुधारित’ म्हटलं की भाताचं सुधारित वाण आठवतं, म्हणजे जास्त पिकणारं. पण सरकारी आणि कंपनीच्या मराठीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘बदललेला’. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं सुधारित वेळापत्रक लागतं तेव्हा गाड्या सुधारतात का? उलट हळू चालतात. तेव्हा ‘सुधारित’ वाचलं की पुढे आकडा शोधायचा.

‘अतिरिक्त’ची गंमत आणखी. ‘10 जीबी अतिरिक्त’ म्हणजे तुम्हाला वर मिळणारे. ‘कर अतिरिक्त’ म्हणजे तुम्ही वर द्यायचे. एकाच ओळीत तोच शब्द एकदा देतो, एकदा घेतो. ‘कर वेगळा’ लिहिलं असतं तर कुणी फसलं नसतं.

तांडेलाचो झील

माका पण असोच मेसेज इलेलो. गाण्याची ट्यून आपोआप लागली आणि बॅलन्समधून रोज पैसे जावक लागले. 155223 वर STOP पाठवलंय आणि बंद झाला. तुमी पण ताच करा.

बिलं वाचणारा, रत्नागिरी

थांबा, ही गल्लत महाग पडेल. 155223 हा ट्यून, क्रिकेट अपडेट, राशिभविष्य असल्या जोडसेवा बंद करायचा नंबर आहे. तुमचं काम तिथेच होतं. प्लॅन बदलण्याशी त्याचा संबंध नाही. तिकडे STOP पाठवून बाबा निर्धास्त बसले तर 18 तारीख उलटून जाईल.

आता हिशोब. पोस्टपेडचं भाडं करावेगळं सांगतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. 399 चे हातात येणारे बिल 470.82, आणि 449 चे 529.82. म्हणजे महिन्याला 50 नाही, 59 रुपये वाढ, वर्षाला 708. प्रीपेडच्या रिचार्जमध्ये कर किमतीतच धरलेला असतो, म्हणून ज्यांना ती सवय आहे ते इथे नेहमी चुकतात.

आणखी एक. तुमच्या बिलाचं चक्र कधी सुरू होतं?

सड्यावरचा

5 तारखेला. कालचं बिल समोर आहे. त्यावर ‘उरलेला डेटा पुढे’ अशी ओळ आहे, मेसेजात ती कुठेच नाही.

बिलं वाचणारा, रत्नागिरी

ती नसलेली ओळ हाच मेसेजातला सर्वांत मोठा शब्द. नव्या योजनेत उरलेला डेटा पुढे जात नसेल, तर उरलेला डेटा साठवून वापरणाऱ्याला 10 जीबी वाढून काय फायदा? मेसेजात वाढलेलं लिहितात, गेलेलं क्वचित. म्हणून जुनं बिल आणि कंपनीच्या साइटवरचं नव्या योजनेचं पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची : डेटा, पुढे जाणारा डेटा, घरातली दुसरी सिम, रोमिंग.

आणि 5 जूनपासूनचं चक्र 18 तारखेला मधेच कापलं, तर 30 दिवसांतले 13 जुन्या दराचे, 17 नव्या दराचे. त्या बिलात वाढ साधारण 33 रुपयेच दिसते. “बघ, फारसं वाढलं नाही” असं म्हणून माणूस सोडून देतो आणि पुढच्या महिन्यात पूर्ण 59 लागतात.

नियमवाले काका, चिपळूण

अहो, हे करताच येत नाही! दूरसंचार नियामक ट्रायचा नियम आहे, सहा महिने दर वाढवता येत नाही. सरळ तक्रार करा.

बिलं वाचणारा, रत्नागिरी

काका, नियम खरा आहे, पण सहा महिने मोजतात ते योजना घेतल्याच्या दिवसापासून. यांच्या बाबांनी कधी घेतली?

सड्यावरचा

तीनेक वर्षं झाली.

बिलं वाचणारा, रत्नागिरी

मग ते कवच संपलं. मात्र त्याच नियमात दुसरा भाग आहे : ग्राहकाला केव्हाही कंपनीची दुसरी योजना निवडता येते, आणि तो बदल लगेच किंवा पुढच्या बिलचक्रापासून लागू करावा लागतो. म्हणजे 399 ची बंद झाली तरी 449 ला बांधून ठेवता येत नाही.

शाळामास्तर, वेंगुर्ले

मी क्रियापदाकडे येतो. ‘सुधारित करण्यात येत आहे.’ कोण करतंय ते गायब, आणि काळ असा की गाडी सुटलीच आहे. ‘आपण होकार दिल्यास सुधारित केली जाईल’ असं असतं तर तो प्रस्ताव. वाचताना एवढंच विचारा : मी गप्प बसलो तर काय होईल? प्रस्तावात काही होत नाही, इथे बदल होतो.

पण माझीही एक अडचण आहे. ‘नको असल्यास’ यातलं नको काय? बदल नको, की योजनाच नको?

नियमवाले काका, चिपळूण

नको म्हणजे नको, त्यात काय पाडायचे फाटे?

बिलं वाचणारा, रत्नागिरी

फाटा खराच आहे. काही वेळा नकार पाठवला की जुनं चालू राहतं. काही वेळा जुनी योजनाच बंद होणार असते, आणि नकार दिला तर “दुसरी निवडा” असं उत्तर येतं. मेसेजवरून ते ठरत नाही. म्हणून NOCHG पाठवा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार केंद्राला 198 वर फोन करून एकच वाक्य बोला : “18 जूनचा प्लॅनबदल मला नको, जुनी योजना चालू राहणार का ते सांगा.” तक्रार क्रमांक लिहून घ्या, कारण पुढे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायची वेळ आली तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

पाठवण्याआधी पाठवणाऱ्याचं नावही बघा. खरा मेसेज अक्षरी नावावरून येतो. दहा आकडी नंबरावरून आला आणि लिंक दाबून काही उतरवून घ्यायला सांगत असेल, तर हा धागा त्याच्यासाठी नाही, तो थेट डिलीट करा.

सड्यावरचा

घरात रेंज नाही, म्हणून NOCHG पाठवायला फोन घेऊन सड्यावर गेलो. पहिल्यांदा मेसेजवर लाल खूण, दुसऱ्यांदा गेला. पावणेसातला उत्तर आलं : “आपली विनंती स्वीकारण्यात आली आहे.”

बाबा म्हणतात, झालं काम. पण मास्तर, कुठली विनंती, ते यातही नाही.

शाळामास्तर, वेंगुर्ले

पुन्हा तेच, ‘स्वीकारण्यात आली आहे’. 198 लावा, सड्यावरून खाली उतरायच्या आत.