उन्हाळी चित्रकला शिबिरासाठी टॅगलाईन सुचवा – मदत हवी आहे

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेतेय. भेंडीचे ठसे, शाडूची माती, गेरूवर वारली, कागदाच्या लगद्याचे मुखवटे. बॅनर छापायचाय आणि टॅगलाईनवर गाडी अडलीय.

गेल्या वर्षी लिहिलं होतं, ‘मोबाईल सोडा, ब्रश धरा!’ एक आई फोनवर म्हणाली, "अहो, मोबाईल मीच देते हो, स्वयंपाक उरकायचा असतो ना." तेव्हा कळलं, ओळ मुलांना उद्देशून होती, पण बोलणी आईला बसली. शिवाय सोडायला सांगितलेली वस्तूच सगळ्यात आधी डोळ्यांत भरत होती.

म्हणून यंदा मोबाईलचं नावच नको. पालकांना दुपारी घरात काय दिसेल, ते सांगायचंय. माझे दोन प्रयत्न:

‘बोटं रंगात, दुपार रंगात!’
‘आई, हात धुवून येतो, मग दाखवतो!’

दुसरी मला आवडते, पण चित्रकलेचं शिबिर आहे हे कळत नाही, आणि स्कूटरवरून जाताना वाचायला लांब पडते. चार-पाच शब्दांत बसेल असं काही सुचतंय का? यमक नसलं तरी चालेल.